गुडघ्याची वाटी सरकली तर काय करायचं, आणि पुन्हा सरकू नये म्हणून काय

समजा, १४ वर्षांची मुलगी बास्केटबॉल खेळते आहे. चेंडू हातात घेऊन ती डावा पाय रोवते आणि अंग उजवीकडे वळवते. गुडघा जेमतेम वाकलेला, पंजा जमिनीला चिकटलेला, आणि मांडी मात्र अंगाबरोबर आतल्या बाजूला फिरते. त्याच क्षणी मांडीचा पुढचा स्नायू जोरात आवळला जातो आणि गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला निसटते. कोणाचा धक्का नाही, कोणी पाडलेलं नाही. वाटी सरकण्याच्या बहुतेक घटना अशाच असतात, आणि वाटी जवळजवळ नेहमी बाहेरच्याच बाजूला जाते.

का, ते आधी समजून घेऊ, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरच उभे आहेत. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला पुढच्या बाजूने एक खाच असते. गुडघा वाकतो तेव्हा वाटी त्या खाचेत उतरते आणि तिथे घट्ट बसते. पण गुडघा सरळ असतो, किंवा साधारण ३० अंशांपर्यंतच वाकलेला असतो, तेव्हा वाटी खाचेच्या वर असते. तिथे हाडाचा आधार नसतो. तिला धरून ठेवतो तो आतल्या बाजूचा एक पातळ अस्थिबंध, आणि स्नायू. पहिल्यांदा वाटी सरकते तेव्हा हा अस्थिबंध ताणला जातो किंवा फाटतो. म्हणजे धोका खोल वाकलेल्या गुडघ्यात नाही, जवळजवळ सरळ असलेल्या गुडघ्यात आहे. ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ चुका टळतात.

किशोरवयीन मुलींमध्ये हे जास्त का दिसतं, याचं एकच कारण नाही. कुणाची खाच जन्मतःच उथळ असते, कुणाची वाटी थोडी वर बसलेली असते, कुणाचे गुडघे आत झुकलेले असतात, कुणाचे सांधे लवचीक असतात. अनेकींमध्ये यातल्या दोन-तीन गोष्टींचं मिश्रण असतं. घरात आई, मावशी किंवा बहिणीची वाटी सरकलेली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पहिली काही मिनिटं

वाटी बाहेर असेल तर गुडघा वाकलेला असतो, मुलगी तो हलवू देत नाही आणि गुडघ्याची पुढची बाजू सपाट दिसते. बाहेरच्या बाजूला वाटीचा उंचवटा येतो. इथे बघणाऱ्यांची एक नेहमीची गफलत होते. वाटी जागेवरून गेल्यामुळे मांडीच्या हाडाचं आतलं टोक उघडं पडून टरारून वर येतं, आणि लोक म्हणतात, "वाटी आत गेली." मग कोणीतरी तो उंचवटा बाहेर ढकलायला जातं. तो उंचवटा म्हणजे मांडीचं हाड आहे. त्याला हात लावायचा नाही.

१. खेळ थांबवा आणि मुलीला आहे तिथेच बसवा. सपाट झोपवू नका. पाठीला आधार देऊन अर्धवट बसवलं की कमरेत वाक येतो, मांडीचा पुढचा स्नायू सैल पडतो आणि वाटीवरचा ताण कमी होतो. दुखणं बरंचसं याच एका बदलाने उतरतं.

२. गुडघ्याखाली घडी घातलेली चादर किंवा बॅग सरकवा. गुडघा आहे त्या कोनात राहू द्या.

३. वाटी दाबायची नाही, पाय ओढायचा नाही. पुष्कळदा वाटी आपली आपणच परत येते. मुलीला स्वतःहून पाय हळूहळू सरळ करावासा वाटला तर करू द्या. तुम्ही फक्त टाचेला खालून आधार द्या. पाय सरळ होताना वाटी खाचेच्या वरच्या, उथळ भागात येते आणि बहुतेक वेळा तिथून 'खट्' करून आत बसते. पण दुखणं वाढलं किंवा पाय मध्येच अडला, तर तिथेच थांबा. जोर लावून वाटी बसवण्याच्या नादात कूर्चेचा तुकडा उडू शकतो. हे काम दवाखान्यात, वेदनाशामक देऊन, शिकलेल्या हातांनी व्हायला हवं.

४. वाटी बाहेरच असेल तर रुग्णवाहिका बोलवा. तोवर पाय आहे त्याच स्थितीत दोन्ही बाजूंनी उशा लावून स्थिर ठेवा. गुंगीचं औषध द्यावं लागू शकतं, म्हणून खायला-प्यायला देऊ नका.

५. मोजे काढून दोन्ही पावलं शेजारी शेजारी तपासा. रंग सारखा आहे का, बोटं उबदार आहेत का, स्पर्श कळतो का, बोटं हलवता येतात का? जखमी बाजूचं पाऊल थंड, फिकट किंवा बधिर असेल, तर ही नुसती वाटी नाही. गुडघ्याचा मुख्य सांधाच निखळला असू शकतो आणि रक्तवाहिनी दबलेली असू शकते. इथे मिनिटांना किंमत आहे.

वाटी जागेवर आली की रडणं थांबतं, मुलगी उभीही राहते, आणि "झालं, बसली" म्हणून सगळे घरी जातात. इथेच चूक होते. वाटी परत येताना मांडीच्या हाडाच्या कडेवर आपटते, आणि तेव्हा कूर्चेचा किंवा हाडाचा छोटा तुकडा सुटू शकतो. म्हणून वाटी आपोआप बसली तरी एक-दोन दिवसांत तपासणी आणि एक्स-रे हवाच. वाटीचा वरून घेतलेला एक्स-रेही काढायला सांगा, कारण समोरून आणि बाजूने घेतलेल्या दोन चित्रांत छोटा तुकडा निसटून जातो.

सूज किती वेगाने आली, ते घड्याळ पाहून लिहून ठेवा. दोन तासांच्या आत गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्त साठलं आहे असं समजायचं. अशी सूज वाटी सरकल्याने येते, तशीच गुडघ्याच्या आतला मोठा अस्थिबंध तुटल्यानेही येते, आणि दोन्हींत मुलगी "खट् झालं आणि गुडघा सरकला" असंच सांगते. मोठी सूज, पायावर भार न देता येणं, किंवा गुडघा मध्येच अडकून न हलणं यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एमआरआय करायचा की नाही, ते तेच ठरवतील.

पहिले दोन आठवडे

बर्फ पातळ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, पहिले दोन-तीन दिवस. थेट त्वचेवर ठेवला तर त्वचा भाजल्यासारखी होते. क्रेप बँडेज पोटरीपासून वर मांडीपर्यंत, एकसारख्या ताणाने बांधा. बोटं निळसर झाली किंवा मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा सैल बांधा. झोपताना पाय उशीवर. शेक आणि मालीश या दिवसांत नको, त्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्यायचं असतं: दर खेपेला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन खेपांमध्ये किमान चार ते सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त खेपा नाहीत. आपल्या उदाहरणातल्या मुलीचं वजन ४८ किलो आहे, म्हणजे ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरे. १६ वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

डॉक्टर बहुधा पाय सरळ ठेवणारा पट्टा आणि कुबड्या देतात. पट्टा किती दिवस ठेवायचा हे जखमेवर अवलंबून असतं, म्हणून त्यांचंच ऐका. पण "जितके जास्त दिवस, तितका पक्का" हा हिशोब मनातून काढून टाका. सुटा तुकडा नसेल, तर गुडघा आठवडेच्या आठवडे जखडून ठेवल्याने मांडी वाळते आणि सांधा ताठरतो, आणि वाळलेली मांडी हीच पुढच्या सरकण्याची तयारी असते.

सांध्यात सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू जणू बंद पडतो. मुलगी पूर्ण प्रयत्न करते, पण स्नायू नीट आवळत नाही. हा आळस नाही. सुजलेल्या सांध्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे मज्जारज्जूच स्नायूला रोखून धरतो. म्हणून सूज उतरवणं हीच पहिली 'ताकद' आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली की पुढचे दोन व्यायाम सुरू करता येतात.

मांडी आवळणं: पाय सरळ ठेवून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, पंजा आपल्याकडे ओढलेला. गुडघ्याने टॉवेल खाली दाबायचा, ५ सेकंद धरायचा, सोडायचा. १० वेळा, दिवसातून चार-पाच खेपा. बरोबर होतंय का, हे बोटांनी कळतं: वाटी वरच्या दिशेने सरकते आणि वाटीच्या वर, आतल्या बाजूचा स्नायू कडक लागतो. आधी चांगल्या पायावर बघा, मग जखमी पायाशी ताडून पाहा.

सरळ पाय उचलणं: दुसरा गुडघा वाकवून उताणं झोपायचं, आधी मांडी आवळायची आणि मग पाय साधारण ३० सेंटिमीटर उचलून ३ सेकंद धरायचा. १० वेळा, तीन फेऱ्या. उचलताना गुडघा थोडा वाकून टाच खाली राहिली, तर स्नायू अजून तयार नाही. पुन्हा पहिल्या व्यायामाकडे जा.

खरं काम कमरेजवळ

घरोघरी वाटीच्या दुखण्यावर फक्त मांडीचे व्यायाम सांगितले जातात. ते हवेतच, पण सुरुवातीचा प्रसंग आठवा. वाटी जागची गेली, कारण मांडी आत फिरली. मांडीला आत फिरण्यापासून रोखणारे स्नायू नितंबात असतात. ते कमजोर असतील तर गुडघा प्रत्येक पायरीवर, प्रत्येक उडीवर आत पडत राहतो. म्हणून तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, चालताना लंगडणं कमी झालं की, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हे तीन व्यायाम दिवसाआड जोडा.

कुशीवर झोपून पाय उचलणं: चांगली बाजू खाली, खालचा गुडघा वाकलेला. वरचा पाय सरळ आणि अंगाच्या रेषेच्या किंचित मागे, पंजा समोर बघणारा. पाय २०-३० सेंटिमीटर वर, २ सेकंद धरून हळू खाली. १२ वेळा, तीन फेऱ्या. बहुतेक मुली कंबर मागे लोटतात आणि पाय पुढे आणतात. मग काम नितंबाऐवजी मांडीच्या पुढच्या बाजूला जातं. पाठ भिंतीला लावून झोपलं आणि टाच भिंतीवरून घासत वर नेली की ही पळवाट बंद होते. थकवा नितंबाच्या बाजूला जाणवला, तर व्यायाम बरोबर झाला.

पूल: उताणं, गुडघे वाकवून, तळवे जमिनीवर. नितंब आवळून कंबर वर, ५ सेकंद धरायची. १० वेळा, तीन फेऱ्या. गुडघ्यांमध्ये मुठीएवढं अंतर सतत राहू द्या.

खुर्चीतून उठणं-बसणं: हात न लावता, बसताना ३ सेकंद मोजत. १० वेळा, तीन फेऱ्या. गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवा. समोरून मोबाइलवर चित्रीकरण करा. मुलीला सांगून जे कळत नाही ते दहा सेकंदांच्या चित्रफितीत दिसतं.

या काळात एक व्यायाम टाळायचा. खुर्चीत बसून, घोट्याला वजन बांधून गुडघा पूर्ण सरळ करण्याचा. त्यातले शेवटचे ३० अंश म्हणजे नेमका तो टप्पा, जिथे वाटी खाचेबाहेर असते, आणि तिथेच स्नायू तिला जोराने ओढतो. पुढे थेरपिस्ट तो ठरावीक कोनात सुरू करतील.

दुखण्याचा नियम साधा ठेवा: शून्य ते दहा या मापात तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे आणि सूज वाढता कामा नये. सूज घरी तपासता येते. मुलीला पाय सैल, सरळ ठेवून झोपवा. वाटीच्या आतल्या कडेवरून तळहाताने खालून वर दोन-तीनदा पुसा, मग बाहेरच्या कडेवरून वरून खाली एकदा. आतल्या बाजूला पाण्याची छोटी लाट फुगून आली, तर सांध्यात अजून द्रव आहे. लाट आदल्या दिवसापेक्षा मोठी असेल तर व्यायाम निम्मा करा.

पायरीवरून उतरणं

आता आपल्या उदाहरणातली मुलगी. सहाव्या आठवड्यात तिचा गुडघा पूर्ण सरळ होतो, वाकतो आणि सूज नाही. वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटर वर टेपने मोजलं, तर उजवी मांडी ४२ सेंटिमीटर आणि डावी ४०. तिला १० सेंटिमीटर उंचीच्या पायरीवर डाव्या पायाने उभं करतात. उजवी टाच ३ सेकंदांत हळू खाली आणून जमिनीला नुसती टेकवायची आणि परत वर यायचं. ८ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस.

आठवड्याभरात तिला हे सोपं वाटतं, म्हणून ती १५ सेंटिमीटरवर जाते. तिथे पाचव्या खेपेपासून डावा गुडघा आत पडू लागतो आणि उजवीकडची कंबर खाली झुकते. दुखत काहीच नाही, त्यामुळे ती पुढे चालूच ठेवते. इथे दुखणं हा निकष नाहीच. गुडघ्याची रेषा हा निकष आहे. तिला पुन्हा १० सेंटिमीटरवर आणतात, फेरी १२ वेळांची करतात आणि गुडघ्यांच्या वर रबरी पट्टा बांधून आडवं चालणं जोडतात: दोन्ही बाजूंना १० पावलं, तीन फेऱ्या, गुडघे किंचित वाकलेले. नवव्या आठवड्यात १५ सेंटिमीटर जमतं, अकराव्यात २०. मांडीतला फरक एक सेंटिमीटरवर येतो. याच काळात एका पायावर ३० सेकंद तोल सांभाळणं, आधी डोळे उघडे ठेवून आणि मग चेंडू झेलत, सुरू असतं.

अंगठा मनगटाकडे वाकवून हाताला टेकत असेल, किंवा उभं राहिल्यावर गुडघा मागे वाकत असेल, तर अशा लवचीक मुलीला ताण देण्याचे व्यायाम फारसे लागत नाहीत. तिला गुडघा मागे न ढकलता, किंचित सैल ठेवून उभं राहायला शिकवा. हे कंटाळवाणं आहे, पण तिला रांगेत उभं असतानाही करता येतं.

मैदानात परत

साधारण तीन ते चार महिने लागतात, कधी जास्त. कॅलेंडरपेक्षा चाचणीवर विश्वास ठेवा. सूज शून्य असावी. वाटी हलकेच बाहेर ढकलली तर मुलगी दचकून हात धरत नसावी. आणि जखमी पायाची एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या ९० टक्के तरी असावी. उजव्या पायावर १२० सेंटिमीटर उडी जात असेल, तर डाव्यावर किमान १०८ हवी, आणि उतरताना गुडघा आत पडता कामा नये.

आधी सरळ धावणं, मग मोठ्या वळणाने, मग दोन्ही पायांवर उड्या, मग एका पायावर. पाय रोवून वळणं सगळ्यात शेवटी, कारण वाटी तिथेच सरकली होती. वळताना गुडघा चांगला वाकलेला ठेवायचा, म्हणजे वाटी खाचेत बसलेली राहते, आणि एकाच रोवलेल्या पायावर अंग न फिरवता छोटी छोटी पावलं टाकत वळायचं. वाटीभोवती भोक असलेला आणि बाहेरून टेकू देणारा पट्टा खेळताना वापरायला हरकत नाही. त्याने भरवसा वाटतो, पण तो स्नायूंची जागा घेत नाही. खेळ सुरू झाल्यावरही आठवड्यातून दोन दिवस नितंब आणि पायरीचे व्यायाम चालू ठेवा. उंची भराभर वाढण्याच्या काळात तर नक्कीच, कारण हाडं लांबतात आणि स्नायू मागे पडतात.

व्यायामाची मर्यादाही माहीत असू द्या. पहिल्यांदा सरकल्यावर साधारण तिघांपैकी एकाची वाटी पुन्हा सरकते. हाडांची वाढ चालू असेल आणि खाच उथळ असेल, तर हे प्रमाण निम्म्याच्याही वर जाऊ शकतं. व्यायामाने खाच खोल होत नाही. नियमाने व्यायाम करूनही वाटी दुसऱ्यांदा सरकली, साध्या चालण्यातही ती निसटेल अशी धास्ती राहिली, किंवा सुटा तुकडा सापडला, तर अस्थिरोगतज्ज्ञांशी शस्त्रक्रियेबद्दल बोला. फाटलेला आतला अस्थिबंध दुसऱ्या स्नायूबंधाचा तुकडा वापरून नव्याने बांधता येतो. जाताना दोन प्रश्न लिहून न्या: मुलीच्या हाडांच्या टोकांजवळच्या, जिथून हाड लांबतं त्या वाढीच्या रेषा अजून उघड्या आहेत का, आणि तिची खाच व वाटीची उंची एमआरआयमध्ये कशी दिसते. कोणती शस्त्रक्रिया आता करायची आणि कोणती वाढ पूर्ण झाल्यावर, हे या दोन उत्तरांवर ठरतं.